अनुभव धागा: काढलं नाही म्हणे, मुदत संपली!

केतकी_बन: कपाट आवरताना जुना लिफाफा सापडला. अकरा महिन्यांची चार नेमणूकपत्रं, प्रत्येक दोहोंमध्ये तीन दिवसांचा ब्रेक. चौथ्याची मुदत मार्चअखेर संपली, पाचवं आलंच नाही, पण मी रोज जात होते, पगारही जमा होत होता. जुलैअखेरीस गेटवरचा रखवालदार म्हणाला, "ताई, तुमचं कार्ड लागत नाहीये." एचआर म्हणे, काढलं कुठे, कॉन्ट्रॅक्ट संपलं! तुमचे अनुभव लिहा.

बापू७१: २४० दिवस भरले की पर्मनंट. सरळ कोर्टात जायचं.

चहात_साखर_कमी: बापू, तुमचं सगळं सरळ कोर्टातच जातं 😄

जुना_लेबरवाला: बापूसाहेब, वर्षात २४० दिवस भरले की नोटीस आणि भरपाईचा हक्क येतो. कायम करणं हा वेगळा वाद. शिवाय जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने, मुदत संपून करार पुढे न वाढवणं हे कामगार कपातीतून वगळलंय. म्हणजे पत्र खरं, मुदत खरी, तर काही देणं नाही. केतकीताईंचं वेगळं. एप्रिल ते जुलै त्या कुठल्या मुदतीवर होत्या? नसलेली मुदत संपणार कशी?

सायली_मो: मी शाळेत होते, दर एप्रिलला सोडायचे, जूनला परत घ्यायचे. मलाही मिळेल का?

जुना_लेबरवाला: सायलीताई, शिक्षक या कायद्यात 'कामगार' नाहीत, सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्येच सांगितलंय. तुमचा रस्ता शाळांच्या कायद्यातून.

सायली_मो: हम्म. कुकर झाला, येते.

निनाद_प: मला तर आठव्या महिन्यातच काढलं, करार वर्षाचा होता. पत्रात 'केव्हाही संपवता येईल' असं कलम होतं म्हणे. मी वाचलंच नव्हतं.

बापू७१: आता नवीन लेबर कोड आलाय ना, सगळ्यांना भरपाई.

जुना_लेबरवाला: नाही हो. नोव्हेंबर २०२५ पासूनच्या कोडमध्येही ठरलेली मुदत संपणं कपात नाही. फरक ग्रॅच्युइटीचा. मुदतीच्या नोकरीवाल्याला आता पाच वर्षं थांबायला नको, वर्षभर पुरे.
केतकीताई, हिशोब केलात का? चार वर्षं, दर वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार, म्हणजे साठ दिवस. वर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार.

केतकी_बन: केला होता. कंपनी म्हणाली, एप्रिलपासून तुम्ही रोजंदारीवर होता. माझ्याकडे त्या चार महिन्यांच्या पगारस्लिपा होत्या, त्याच पदनामाच्या. लेबर ऑफिसात साहेबांनी स्लिपा नि पत्रं शेजारी मांडून पाहिली. तडजोड झाली, दोन महिन्यांचा पगार. ब्रेक बनावट होते का, ते कोणी तपासलंच नाही. ब्रेकच्या दिवशीही मी जायचे, पण त्या दिवशीच्या रजिस्टरवर माझी सही घ्यायचे नाहीत.

चहात_साखर_कमी: मग त्या दिवशी चहा तरी द्यायचे का?

केतकी_बन: द्यायचे. चहावाल्याच्या वहीत सापडेन मी 🙂

निनाद_प: लेबरवाले काका, माझं पत्र फोटो काढून पाठवू का?