ब्लाइंडसाइट: नकळत पाहणं, की ‘दिसलं’ म्हणायला कचरणं?

मुक्ता_क:
मेंदूच्या मागच्या बाजूचं व्ही-वन, म्हणजे डोळ्यांकडची माहिती कॉर्टेक्समध्ये सर्वांत आधी पोहोचते तो भाग, निकामी झालेल्या माणसाला ‘दिसतंय का?’ विचारलं तर तो ‘नाही’ म्हणतो. ‘अंदाजाने सांगा’ म्हटलं की बऱ्याचदा बरोबर सांगतो. यालाच ब्लाइंडसाइट म्हणतात. एवढ्यावरून ‘जाणिवेशिवाय पाहता येतं’ असं छातीठोकपणे म्हणावं का? माझं मत: नाही. त्याला अंधुक काहीतरी जाणवतं आणि तो हो म्हणायला कचरतो. विरोधी मतं हवी आहेत.

तिसरा_प्रहर:
यात वादाचं काहीच नाही. डोळ्यांकडून निघणारे बहुतेक तंतू मेंदूच्या आतल्या थॅलॅमसमधल्या एलजीएन या केंद्रामार्गे व्ही-वनला जातात, थोडे मध्यमेंदूतल्या सुपीरियर कॉलिक्युलसला जातात. व्ही-वन गेलं तरी कॉलिक्युलस शाबूत राहतो. तो कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराच्या, खाली आहे, म्हणजे त्याचं काम नेणिवेत चालतं. ब्लाइंडसाइट म्हणजे कॉलिक्युलस, विषय संपला.

अक्षिपटल:
कॉलिक्युलसचा वाटा आहे, पण सगळा भार त्याच्यावर टाकता येत नाही. 2010 मध्ये श्मिड आणि सहकाऱ्यांनी व्ही-वन काढलेल्या माकडांचं एलजीएन औषधाने तात्पुरतं बंद केलं, तर उरलेली क्षमताही नाहीशी झाली. व्ही-वन गेल्यावर एलजीएनमधल्या बऱ्याच पेशी झिजतात, पण काही टिकतात, आणि त्यांतल्या काही थेट हालचाल टिपणाऱ्या एमटी भागाला जोडलेल्या असतात. 2015 मध्ये अजिना आणि सहकाऱ्यांना माणसांतही हेच सापडलं: ब्लाइंडसाइट असलेल्यांत एलजीएन-एमटी जोडणी शाबूत, नसलेल्यांत ती तुटलेली किंवा फार क्षीण.

पण मुक्ताताईंचा प्रश्न रस्त्याचा नाहीच. रस्ता कोणताही असो, त्यावरून येणारं जाणिवेत पोहोचतं की नाही हे नकाशा पाहून ठरत नाही. आणि त्या बाबतीत ‘कचरणं’ ही शंका पोकळ नाही, ती आकड्यांत मांडता येते.

समजा, ठिपका असताना आणि नसताना मेंदूत उठणाऱ्या संकेतांच्या सरासरीत एका प्रमाण विचलनाचा फरक आहे, म्हणजे संवेदनक्षमता 1. आता त्या माणसाने ‘हो’ म्हणण्याची मर्यादा फार वर ठेवली, रिकाम्या पडद्याच्या सरासरीपेक्षा 2 विचलनं वर. मग ठिपका असलेल्या 100 खेपांत तो साधारण 16 वेळा ‘हो’ म्हणेल, आणि नसलेल्या 100 खेपांत 2 वेळा. कोणीही म्हणेल, याला दिसत नाही. त्याच माणसाला ‘ठिपका पहिल्या वेळी होता की दुसऱ्या? एक निवडाच’ म्हटलं, की मर्यादेचा प्रश्नच उरत नाही. दोन संकेतांतला मोठा निवडायचा, आणि 100 पैकी सुमारे 76 उत्तरं बरोबर येतात. दृष्टी तीच, फक्त प्रश्न बदलला. कॅम्पियन, लॅटो आणि स्मिथ यांनी 1983 मध्ये घेतलेल्या आक्षेपांपैकी हा एक होता.

मुक्ता_क:
नेमकं हेच म्हणायचं होतं. मग वाद मिटला ना?

अक्षिपटल:
नाही, आक्षेपाची चाचणी झाली आहे. हिशोब खरा असेल तर हो-नाही प्रश्नातून काढलेली संवेदनक्षमता आणि सक्तीच्या निवडीतून काढलेली एकच यायला हवी, कारण दोन्हींतून मर्यादेचा परिणाम वजा केलेला असतो. अझोपार्डी आणि काउई यांनी 1997 मध्ये जी. वाय. या रुग्णावर हे तपासलं. आठव्या वर्षी अपघातात त्याच्या डाव्या बाजूचं व्ही-वन गेलं होतं. त्याची हो-नाहीतली क्षमता सक्तीच्या निवडीपेक्षा स्पष्ट कमी निघाली. धडधाकट लोकांना जेमतेम दिसेल इतकी फिकट आकृती दाखवली, तर असा फरक आला नाही. म्हणजे त्याची दृष्टी ही आपलीच दृष्टी मंद केलेली, असं नव्हे.

सावरकाठी:
विषयात घुसतेय, पण माझ्या सासऱ्यांना पक्षाघातानंतर डावीकडचं दिसत नाही. तरी डावीकडून कोणी आलं की मान वळवतात. हे ब्लाइंडसाइटच ना? घरी तपासता येईल का?

दृष्टिमापक:
घरी ठरवता येणार नाही. पावलांचा आवाज, जमिनीवरची सावली, डोळ्यांची एक चुटपुटती हालचाल, यांतलं काहीही पुरेसं असतं. दृष्टिक्षेत्र गेलंय की डावीकडे लक्षच जात नाही, हा आधीचा प्रश्न आहे, कारण पक्षाघातानंतर दोन्ही होतं. पेरिमेट्री, म्हणजे दृष्टिक्षेत्राची तपासणी, करून घ्या आणि डावीकडे दुर्लक्ष होण्याची चाचणी न्यूरॉलॉजिस्टकडून वेगळी करून घ्या. तोवर गाडी चालवू देऊ नका. ब्लाइंडसाइट असलीच तरी रस्त्यावर तिच्या भरवशावर राहता येत नाही.

प्रयोगशाळेतही हीच भानगड असते. हनुवटी टेकवून नजर मध्यबिंदूवर खिळवायची, डोळ्यांच्या हालचाली नोंदवायच्या, नजर सरकलेल्या खेपा बाद करायच्या. पार्श्वभूमी उजळ ठेवायची, नाहीतर ठिपक्याचा प्रकाश डोळ्यात विखुरतो आणि चांगल्या अर्ध्या भागात पोहोचतो. मग माणूस चांगल्या बाजूनेच बघून उत्तर देतो आणि आपण चमत्कार समजतो. संशोधक वाइसक्रांट्झ यांनी डी. बी. या रुग्णावर केलेली खातरजमा म्हणूनच मला फार मोलाची वाटते. 1973 मध्ये मेंदूवर झालेल्या शस्त्रक्रियेनंतर त्याला डावीकडचं दिसेनासं झालं होतं. डाव्या डोळ्याचा नैसर्गिक अंधबिंदू, मध्यापासून साधारण 15 अंशांवरचा, त्याच बाजूला येतो. प्रकाश अंधबिंदूवर पाडला की त्याला काही सांगता येईना, शेजारच्या आंधळ्या क्षेत्रात पाडला की सांगता येई. उत्तरं विखुरलेल्या प्रकाशावर बेतलेली असती, तर दोन्हीकडे जमलं असतं.

मुक्ता_क:
प्रकाशाचा मुद्दा सोडते. पण 1997 च्या निकालाने मी हलत नाही. सक्तीच्या निवडीत तुलना त्याच खेपेत होते. हो-नाहीत माणसाला आपली मर्यादा शेकडो खेपा मनात धरून ठेवावी लागते. अनोळखी, धूसर संवेदनेसाठी ती डळमळली, तर हो-नाहीतली क्षमता आकड्यात घसरणारच, जाणीव असली तरीही. शिवाय वेगाने हलणाऱ्या गोष्टींबाबत ‘काहीतरी झालंसं वाटलं’ असं जी. वाय. स्वतःच सांगतो. 2008 मध्ये ओव्हरगार्ड यांनी जी. आर. या रुग्णाला हो-नाहीऐवजी ‘काहीच नाही’पासून ‘स्पष्ट’पर्यंत चार पायऱ्या दिल्या, तर आंधळ्या भागातही पायरी चढेल तशी उत्तरं अधिक अचूक आली.

अक्षिपटल:
जी. आर.चा निकाल मला मान्य आहे, पण तो जी. आर.चा. रुग्णांच्या जखमा सारख्या नसतात, आणि व्ही-वनचा तुकडा उरला असेल तर अंधुक दृष्टी असणं स्वाभाविक आहे. डळमळत्या मर्यादेचा मुद्दा मात्र जड आहे. त्याला भिडायचं तर शब्द टाळून पाहावं लागतं. 2007 मध्ये परसॉड, मॅक्लाउड आणि काउई यांनी जी. वाय.ला प्रत्येक उत्तरावर पैज लावायला सांगितली. सुमारे 70 टक्के उत्तरं बरोबर होती, पण बरोबर उत्तरांपैकी जेमतेम निम्म्यांवरच त्याने मोठी पैज लावली. आपलं उत्तर बरोबर आहे हे कळत असतं, तर पैसे कोण सोडेल?

मुक्ता_क:
ज्याला हरण्याची धास्ती जास्त, तो सोडेल. पैज लावण्याचीही मर्यादा असतेच, फक्त ती आता पैशांत आहे.

तिसरा_प्रहर:
आणि माकडं? 1995 मध्ये काउई आणि श्टोरिग यांची माकडं आंधळ्या भागातल्या ठिपक्याला अचूक हात लावत, पण ‘काहीच नाही’चं बटण दिल्यावर त्याच भागातल्या ठिपक्यासाठी तेच दाबत. माकड काही संकोच करत नाही.

मुक्ता_क:
संकोच नाही, पण ते बटण कधी दाबायचं हे ती चांगल्या बाजूने काय दिसतं त्यावरून शिकली. आंधळ्या बाजूची फिकी खूण त्या मापाने ‘नाही’तच जमा होईल.

दृष्टिमापक:
मग दोघांना एकच विचारतो. चांगल्या बाजूला आकृती इतकी फिकी करा की दोन्हीकडे बरोबर उत्तरांचं प्रमाण सारखं होईल, आणि मग प्रत्येक खेपेला खात्री विचारा. चांगल्या बाजूला खात्री जास्त, आंधळ्या बाजूला कमी असं निघालं, तर मुक्ताताई, तुम्ही मागे हटाल का?

मुक्ता_क:
अर्धी. अचूकता सारखी असून खात्री वेगळी, तर दोन्हीकडची दृष्टी वेगळ्या जातीची आहे एवढं मानेन. तिथे जाणीव शून्य आहे, हे त्याने सिद्ध होत नाही.

अक्षिपटल:
शून्य सिद्ध करायला सांगत असाल, तर तो निकष कोणताही प्रयोग पुरा करणार नाही. खात्री सतत तळाशी आणि उत्तरं सतत अंदाजापेक्षा वर, असा रुग्ण माझ्यासाठी पुरेसा आहे. तुम्हाला किती खेपांची नोंद पुरेल, ते आधी सांगा.