बाबांचा पाय सुजलाय पण लाल दिसत नाही, इन्फेक्शन असेल का? (मदत हवी आहे)

कडकलक्ष्मी: बाबा ६८ वर्षांचे, शुगर आहे, रंग चांगलाच काळा. कालपासून डावी पोटरी सुजलीय आणि दुखतेय. फोनवर डॉक्टरांनी विचारलं लाल झालंय का, तर आम्हाला लाल काहीच दिसेना, नुसतं जांभळट-काळपट आणि जरा चकचकीत वाटतंय. नेटवर सेल्युलायटिसचे, म्हणजे कातडीच्या आतल्या इन्फेक्शनचे फोटो बघितले तर सगळे गोऱ्या पायांचे, टोमॅटोसारखे लाल. मग आमचं ते नाहीये असं समजायचं का?

झेंडूबाम: काचेचा ग्लास दाबून बघा, रंग गेला तर साधी लाली, नाही गेला तर सिरियस.

वॉर्डातली_ताई: ग्लासची टेस्ट त्वचेखाली रक्त उतरलंय का हे बघायची, सेल्युलायटिस त्याने कळत नाही, आणि काळ्या कातडीवर रंग गेला की राहिला हेही नीट दिसत नाही. रक्त गोऱ्या पायासारखंच वाढलेलं असतं, पण वरच्या काळ्या रंगातून तो लालपणा जांभळा, तपकिरी नाहीतर नुसताच जास्त काळा दिसतो. म्हणून रंगावर जाऊ नका. बाबांना खिडकीशी बसवा, ट्यूबलाइटखाली नको, आणि दोन्ही पाय शेजारी ठेवून बघा. मग हाताची मागची बाजू आधी उजव्या पोटरीला, मग डाव्या पोटरीला लावा. डावी गरम, ताणलेली, दाबल्यावर दुखतेय का? जिथे गरमपणा संपतो तिथे बॉलपेनने रेघ मारून वेळ लिहा. आणि बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्यात का बघा, बऱ्याचदा जंतू तिथूनच शिरतात. पण शुगर आहे ना, मग रेघ सरकायची वाट बघत बसू नका, आजच दाखवा.

मोगरा७: आमच्या बाळाच्या गालावर पांढरट चट्टे आहेत, तेपण इन्फेक्शन असेल का? सासूबाई कोड म्हणतात.

वॉर्डातली_ताई: एक्झिमा बरा झाला की असे फिके डाग राहतात कधीकधी. पण न बघता कसं सांगू, वेगळा धागा काढा.

कडकलक्ष्मी: ताई, पाय गरम आहे, उजवा गार. चिखल्या तर आहेतच, बाबा म्हणे 'कायमच्या आहेत'. सकाळी नऊला मारलेल्या रेघेच्या दोन बोटं वर आता गरम लागतंय.

झेंडूबाम: मग हळद लावून रात्रभर बघा, माझ्या काकांना फरक पडला होता.

वॉर्डातली_ताई: अहो नका हो. रेघ ओलांडलीय म्हणजे पसरतंय, आत्ताच निघा. ताप, फोड, किंवा दिसतंय त्यापेक्षा भयंकर दुखत असेल तर सरळ कॅज्युअल्टीत. आणि नुसतं 'लाल नाहीये' म्हणू नका, 'एकच पाय गरम, सुजलेला, रेघेबाहेर पसरला' असं सांगा. फक्त पोटरीच सुजली तर शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते, तेही तपासतील. काळपट डाग नंतर महिनोन्महिने राहतो, पण गरम आणि दुखरा नसला तर घाबरू नका.

कडकलक्ष्मी: रिक्षात बसलोय. रेघ पुसली जाऊ नये म्हणून बाबा लुंगी वर धरून बसलेत.