'प्रशासनाच्या म्हणी' की 'प्रशासनाची तत्त्वे'?

मुग्धा_नौपाडा: स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी लोकप्रशासनाच्या टिपा मराठीत करतेय. हर्बर्ट सायमनच्या १९४६च्या लेखाच्या नावात 'प्रॉव्हर्ब्स' आहे. मी 'म्हणी' केलं, तर सरांनी खोडून 'तत्त्वे' लिहिलं. म्हणी म्हटलं की गावंढळ वाटतं म्हणे. तुम्ही काय कराल?

केदार_घणसोली: 'सुभाषिते' करा, भारदस्त वाटेल. 'म्हण' आला 'भण्'पासून, म्हणजे नुसतं बोलणं. तसंही लूथर गुलिकने मांडलेली प्रशासनाची तत्त्वं खोटी आहेत एवढंच सायमनला दाखवायचं होतं.

नाना_बेलापूर: केदार, 'भण्' बरोबर, पुढचं अर्धंच. खोटी आहेत असं तो म्हणत नाही. म्हणींसारख्याच त्यांच्या जोड्या असतात, जोडीतली दोन्ही खरी वाटतात आणि एकमेकींच्या उलट सांगतात, ही त्याची तक्रार. आपल्याकडे 'शुभस्य शीघ्रम्' आहे आणि घाटात 'अति घाई संकटात नेई'ची पाटीही आहे. काम झालं की जी जुळेल ती सांगायची. आधी निर्णय घ्यायचा असेल तर दोन्ही निरुपयोगी. मुग्धाताई, 'तत्त्वे' केलंत तर सायमन ज्यांना चिमटा काढतोय त्यांच्याच पंगतीत त्याला बसवाल.

शमा_ऐरोली: पण उलट कुठे जातात? एकाला एकच साहेब असावा, हे तर सरळच आहे.

नाना_बेलापूर: दुसरं तत्त्व आठवा: ज्याला ज्यातलं कळतं त्याने ते ठरवावं. सायमनचंच उदाहरण घ्या. शाळा विभागातला हिशेबनीस शिक्षणाधिकाऱ्याच्या हाताखाली. आदेश एकाचाच चालायचा, तर हिशेब कसा ठेवायचा हे वित्त विभाग त्याला थेट सांगू शकत नाही. सांगू द्यावं, तर साहेब दोन झाले.

मी लेखा शाखेत हेच भोगलंय. कुठल्या कार्यालयात ते सोडा. मार्चअखेर. विभागप्रमुख म्हणतात, "बिल आज काढा, निधी परत जाईल." मुख्य लेखा शाखा म्हणते, मोजमाप पुस्तिकेत नोंद नाही, बिल पुढे सरकवायचं नाही. दोन्ही आदेश रीतसर. माझा गोपनीय अहवाल लिहिणार विभागप्रमुख. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की खुलासा द्यायचा मी. मी टिपणी लिहून फाईल परत केली. निधी परत गेला. अहवालात काय लिहिलं गेलं ते विचारू नका.

वॉचमन_प्रश्न_वाशी: आमच्या सोसायटीत अगदी असंच! सेक्रेटरी म्हणतात रात्री अकरानंतर मागचं गेट बंद, चेअरमन म्हणतात उघडं ठेव. यावर उपविधीत काही आहे का?

केदार_घणसोली: तिथे तज्ज्ञ कोण आहे हो? दोघंही फक्त मालक. हा नुसता गोंधळ आहे.

शमा_ऐरोली: मग गुलिकला १९३७ मध्ये हे दिसलं नव्हतं?

नाना_बेलापूर: दिसलं होतं. फार ताणलं तर विचित्र प्रसंग येतील, हे त्याने मान्य केलं; पण दोन साहेबांच्या गोंधळापुढे ते किरकोळ, असं त्याचं मत. सायमन विचारतो, किरकोळ हे मोजलं कुणी? गुलिकच्याही आधी, कारखान्यातल्या कामाचा अभ्यास करणाऱ्या टेलरने एका कामगारावर आठ फोरमन नेमायची योजना मांडली होती, प्रत्येक आपल्यापुरता.

मुग्धा_नौपाडा: मग सायमनचा तोडगा काय?

नाना_बेलापूर: तो तत्त्व आखूड करतो. आदेश अनेकांचे येऊ देत, पण दोन भिडले तर शेवटी कुणाचं ऐकायचं तो माणूस आधी ठरलेला हवा. माझ्या बिलात हेच ठरलेलं नव्हतं. तरी यातून भांडण मिटतं एवढंच. हिशेबाची बाब कुणाच्या हाती द्यावी, त्याने काय बिघडतं आणि काय सुधारतं, हे म्हणीवरून कळत नाही, कामात बघावं लागतं असं तो म्हणतो.

केदार_घणसोली: नाना, 'आदेश' म्हणताय, पण पाणिनीकडे आदेश म्हणजे एकाच्या जागी दुसरं येणं. 'हुकूम' अरबी, तो नकोच. एकच साहेब असावा या 'युनिटी ऑफ कमांड'चं 'आज्ञेची एकवाक्यता' करा.

शमा_ऐरोली: एकवाक्यता म्हणजे दोन साहेबांचं एकमत! तसं झालं तर नानांची फाईल अडली कशाला असती? एकच साहेब आणि दोघांचं एकमत, या वेगळ्या गोष्टी आहेत.

केदार_घणसोली: शब्दकोश बघा आधी.

वॉचमन_प्रश्न_वाशी: कृपया गेटचं कुणीतरी सांगा, आज रात्रीच प्रश्न आहे.