रिकामी खोली पाहुण्याला की भाडेकरूला? करार एकच चालेल का?

पंचवटीकर: पंचवटीत स्वतःचं घर आहे, आम्ही दोघं खाली राहतो. वरची संडास-बाथरूमसह खोली रिकामी पडून आहे. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, तेव्हा दोन-चार दिवसांच्या यात्रेकरूंना द्यावी असं बायकोचं म्हणणं. मला कॉलेजचा एखादा मुलगा अकरा महिने बरा वाटतो. नोटरीकडून छापील करार आणलाय. दोघांनाही तोच वापरला तर बिघडतं कुठे?

जुना_नाशिककर: काही बिघडत नाही, तारखा बदला की झालं. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, नोटरी पुरते. म्हणून तर सगळे अकरा महिनेच लिहितात. पण यात्रेकरूंच्या भानगडीत पडू नका. रोज चादरी धुवा, रात्री दोनला उठून दार उघडा. मुलगा ठेवा, पहिल्या तारखेला पैसे घ्या.

दस्तवाला: काका, अकरा महिन्यांचं गणित केंद्राच्या नोंदणी कायद्यातलं. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्ससुद्धा लेखी आणि नोंदलेलं लागतं, आणि जबाबदारी मालकाची. पाच हजारांपर्यंतचा दंड किंवा तीन महिन्यांपर्यंतची कैद हा एक भाग. खरा मार पुढे आहे: नोंदणी नसेल तर राहणारा सांगेल त्या अटी खऱ्या धरतात, खोटं पाडायचं ओझं तुमच्यावर.

नोंदलेल्या कराराने काय मिळतं ते बघा. महिना ८,००० ठरले, मुदत ३१ मेला संपली आणि मुलगा हलला नाही. कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि खोली सोडेपर्यंत महिन्याला दुप्पट, म्हणजे १६,००० मागता येतात. त्यापुढे मुद्रांक आणि नोंदणीचा दीड हजाराच्या आतला खर्च काहीच नाही.

यात्रेकरूला हा कागद लावलात तर उलटाच घोळ. त्याला तुम्ही राहायला घर देत नाही, मुक्काम देता. त्याच्या कागदावर येण्याजाण्याची तारीख आणि वेळ, माणसं किती, रोजचा दर, जास्त थांबल्यास काय, बुकिंग मोडल्यास किती परत, एवढं हवं. डिपॉझिट, नोटीस पीरियड, मासिक भाडं हे शब्दच नकोत. वहीत नाव, पत्ता, ओळखपत्र आणि सही घ्या. पाहुणा परदेशी असेल तर २४ तासांत ऑनलाइन कळवावं लागतं.

म्हापसा_रिटर्न: आमच्या गोव्याच्या फ्लॅटला पर्यटन खात्याची नोंदणी लागली. ती आधी करा, करार नंतर.

दस्तवाला: गोव्याचा कायदा निराळा, आणि तुम्ही अख्खा फ्लॅट देताय. इथे मालक त्याच घरात आहे.

सिडकोची_ताई: मी पाहुण्यांच्याच बाजूची. तीन दिवसांत माणूस नकोसा झाला तर चौथ्या दिवशी तो नसतो! पण एक सांगते. आमच्याकडे एक गृहस्थ आईच्या ऑपरेशनसाठी दहा दिवस म्हणून आले. आईचा त्रास लांबला, आम्हीही माणुसकीने राहू दिलं. मग त्यांनी गॅसची शेगडी आणली, आमचं कुलूप काढून स्वतःचं लावलं, आणि यूपीआयवर दर महिन्याला ‘रूम रेंट’ असं लिहून पैसे पाठवायला लागले. निघा म्हटल्यावर म्हणाले, मी भाडेकरू आहे. शेवटी आपसात मिटलं, पण चार महिने झोप नव्हती.

दस्तवाला: ताईंची गोष्ट छापून वहीत लावावी. वर शीर्षक काय आहे याला कोर्टात फारसं वजन नाही, व्यवहार काय होता ते बघतात. असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९५९ मध्येच हे सांगितलं. तिथेही कागदावर लायसन्स म्हणजे नुसती वापरायची मुभा होती, निघाली लीज म्हणजे भाडेपट्टा. म्हणून पाहुण्याच्या खोलीची दुसरी किल्ली तुमच्याकडे, झाडू-चादर तुमची, स्वयंपाक खोलीत नाही. दिवस वाढवायचे तर दर वेळी नवी नोंद, रोजच्या दराने. महिन्याचा ठोक आकडा आला की सावध व्हा.

एलएलबी_दुसरं_वर्ष: एक शंका. त्याच कायद्यात मालक स्वतः राहतो त्या जागेचा भाग दिला तर तो पेइंग गेस्ट, आणि परवानाधारक म्हणजे लायसन्सवर राहणारा, त्याच्या व्याख्येतून पेइंग गेस्ट वगळलाय. मग कॉलेजच्या मुलाला कलम २४ चं दुप्पट भाडं लागू होईल का?

दस्तवाला: बरोबर नस पकडलीत. पंचवटीकर, वरच्या खोलीचा जिना घरातून आहे की बाहेरून?

पंचवटीकर: बाहेरून. पण पाण्याची टाकी आणि वीजमीटर एकच.

दस्तवाला: मग तो पेइंग गेस्ट की परवानाधारक, हे दोन्ही बाजूंनी भांडता येईल. मुलगा ठेवायचा तर करारात खोलीचं क्षेत्रफळ आणि स्वतंत्र दार नीट लिहा, नोंदवा, पण त्याआधी वकिलाला जागा दाखवा.

जुना_नाशिककर: एवढं करण्यापेक्षा कुलूप लावून ठेवा. माझं मत तेच, मुलगा बरा.

सिडकोची_ताई: काका, तुमच्या नोटरीवाल्या मुलांचे करार आधी नोंदवून घ्या.