मदत हवी आहे: दुकानाचं वर्षाचं भाडं एकदम द्यावं का? दोन आकडे येतायत

शिवणवाली_इंदूर: नमस्कार मंडळी, राजेंद्र नगरात माझं ब्लाउज-फॉल-पिकोचं छोटं दुकान आहे, भाडं महिना २०,००० आणि करार असा की ज्या महिन्याचं भाडं ते त्याच महिन्याच्या १ तारखेला द्यायचं. आता मालक म्हणतायत की १ जुलैला वर्षाचं एकदम द्या, २,४०,००० ऐवजी २,२६,००० घेतो. पैसे बँकेच्या ओव्हरड्राफ्टमधून म्हणजे ओडीतून काढावे लागतील, त्याला बँक वर्षाला १२ टक्के म्हणजे महिन्याला १ टक्का लावते. भाचा कॉमर्सला आहे, त्याने शीट करून दिलं, त्यात बारा हप्त्यांची प्रेझेंट व्हॅल्यू म्हणजे आजची किंमत २,२५,१०२ आली म्हणून तो म्हणतो मावशी नको घेऊस, ९०० रुपये जास्तच जातायत. पण शेजारचे अकाउंटवाले काका म्हणाले २,२७,३५३ येते, घेऊन टाक. आता खरं कोणाचं मानू?

हिशोबी: भाच्याचं बरोबर आहे. मी शीटमधल्या एनपीव्ही फॉर्म्युल्याने पण काढलं, बारा ओळीत २०,००० टाकून, तेच २,२५,१०२ आलं. दोन रस्त्यांनी एकच उत्तर येतंय म्हणजे झालं ना.

राऊपुरा_बडोदा: आमच्याकडे महिना संपला की पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भाडं देतो, मी पण असाच हिशोब केला होता आणि तो जुळला. त्यामुळे पहिला आकडाच धरा ताई.

जुना_मुनीम: हिशोबी भाऊ, दोन रस्ते कुठले, एकच चूक दोनदा झालीये. एनपीव्ही पहिल्या ओळीतली रक्कम सुद्धा एक महिन्यानंतरची समजतं. ताई, भाच्याच्या शीटमध्ये पहिल्या हप्त्याची किंमत बघा, १९,८०२ दिसेल. आता तुम्हीच सांगा, १ जुलैला हातात मोजून दिलेल्या वीस हजाराची १ जुलैला किंमत १९,८०२ कशी होईल? ते पूर्ण वीसच हजार. दुसरा हप्ता एक महिना लांब, तिसरा दोन, आणि शेवटचा १ जूनचा अकराच महिने लांब, बारा नाही. प्रत्येक हप्ता एकेक महिना अलीकडे सरकतो म्हणून अख्खी बेरीज १.०१ ने वाढते. हप्ता महिन्याच्या सुरुवातीला धरला की ही ॲन्युइटी ड्यू, भाच्याने महिन्याच्या शेवटी धरला ती ऑर्डिनरी. शीटमध्ये फरक शेवटच्या एका आकड्याचा आहे:

```
=PV(1%,12,-20000,0,0)   225101.55
=PV(1%,12,-20000,0,1)   227352.57
```

एनपीव्हीच वापरायचं तर पहिले २०,००० बाहेर ठेवा आणि उरलेले अकराच आत टाका, मग तेही जुळेल.

बडोदेकर, तुमचा हिशोब तुमच्यासाठी बरोबरच आहे, कारण तुमचे पैसे महिना वापरून झाल्यावर जातात. भाडं कुठल्या महिन्याचं ते बघायचं नाही, पैसे आजपासून किती दिवसांनी हलतात ते बघायचं.

शिवणवाली_इंदूर: दादा १९,८०२ च आहे खरंच 😄 पण मला अजून पटवून हवंय, फॉर्म्युला नको.

जुना_मुनीम: समजा २,२६,००० तुमच्या खात्यात आहेत आणि त्यावर महिन्याला १ टक्का मिळतो. १ जुलैला भाडं दिलं, २,०६,००० उरले, महिन्याचं व्याज २,०६० धरून ऑगस्टला २,०८,०६० झाले, त्यातून परत वीस हजार गेले. असं करत १ जूनला पोचलात की खात्यात साधारण १८,४९१ च असतात, म्हणजे शेवटच्या भाड्याला दीड हजार कमी पडतात. म्हणजे २,२६,००० मध्ये महिन्या-महिन्याचं भाडं भागत नाही आणि मालक मात्र तेवढ्यात वर्ष देतायत. पण हे १ टक्क्यावर हं. ओडी साधारण १३.३ टक्क्याच्या वर गेली की फायदा संपतो, १८ टक्क्यावर तर हप्त्यांची किंमत २,२१,४२२ च येते.

हिशोबी: बरं, एनपीव्हीचं हे माहीतच नव्हतं. पण १२ टक्के वर्षाचे तर महिन्याचा दर ०.९५ नको का, चक्रवाढ धरून?

जुना_मुनीम: १२ टक्के हा चक्रवाढ धरून आलेला दर असता तर हो. पण बँक दर महिन्याला १ टक्का खात्याला लावते असं ताईच म्हणतायत. ०.९५ ने तर हप्त्यांची किंमत अजून वाढेल, २,२७,९७३ च्या आसपास, उत्तर बदलत नाही.

ग्वाल्हेरकर_काकू: आकडे ठीक आहेत गं, पण आमच्या एका दुकानमालकाने असंच वर्षाचं घेतलं आणि सात महिन्यांत दुकान विकून टाकलं. उरलेले पाच महिने नवीन मालकाने मान्यच केले नाहीत, जुना मालक फोन उचलेना. तुझा फायदा तेरा-साडेतेराशेचा, पाच महिन्यांचं भाडं म्हणजे लाख रुपये.

जुना_मुनीम: काकूंचं यात धरलेलं नाही, ते खरं. मध्येच सोडावं लागलं तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत, हे करारात लिहून मिळत नसेल तर मी तरी तेराशेसाठी देणार नाही. मिळत असेल तर वेगळं.

राऊपुरा_बडोदा: आणि ती रक्कम घासाघीस करून २,२४,००० करता येते का बघा की.

शिवणवाली_इंदूर: मालक परतीचं लिहून देतील असं वाटत नाही, माणूस चांगला आहे पण कागद म्हटलं की तोंड वाकडं करतो. रविवारी भाच्याला घेऊन जाते, शेवटच्या आकड्याचा १ केलेलं शीट दाखवायला तो आधीच तयार बसलाय.