मदत हवी आहे: भाच्याच्या हृदयाच्या इकोसाठी सोलापुरात कुठे जाऊ?

नमस्कार मंडळी. भाचा १७ वर्षांचा, उंची १९० सेंमी, हात पसरले की २०२. आम्ही कौतुकाने ताडमाड म्हणायचो. डोळ्यातलं भिंग सरकलेलं निघालं, तेव्हा मार्फान सिंड्रोम कळला. यात फायब्रिलिन हे प्रथिन सदोष असतं, म्हणून हाडं लांबत जातात. तेच प्रथिन हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या भिंतीतही असतं. ती काही न जाणवता फुगत जाते आणि फाटूही शकते. इकोत तिचं मूळ ४१ मिमी आलंय. गोळ्या चालू आहेत, व्हॉलीबॉल बंद केलाय, पोरगा फार रडला.

सहा महिन्यांनी परत इको आहे. दरवेळी त्याच जागी मोजलं तरच वाढ कळते. या ४१ च्या आधीच्या रिपोर्टात नुसतं ‘नॉर्मल’ होतं, मूळ मोजलंच नव्हतं. ते नीट मोजून लिहून देणारे हृदयतज्ज्ञ सोलापुरात कोणी आहेत का? धाकट्या भाचीलाही दाखवायचंय.