नवी मुंबईचं आयुर्मान 62 की 78?

खाडीकाठ (ऐरोली): सोसायटीच्या ग्रुपवर एक तक्ता फिरतोय. "मृत्यू नोंदींवरून नवी मुंबईत माणूस सरासरी 62 व्या वर्षी जातो, देशाचं आयुर्मान 70." खाली लगेच एमआयडीसीचा धूर आणि वडापावला शिव्या सुरू. हे खरं धरायचं का? माझं मत असं की महापालिकेने दरवर्षी स्वतःचं आयुर्मान काढून छापावं, म्हणजे असले तक्ते बंद होतील. तुम्हाला काय वाटतं?

तलावपाळी: तक्त्यात चूक काय आहे? वर्षभरात जेवढे गेले त्यांची वयं मिळवा, संख्येने भागा. झालं सरासरी आयुष्य. बँकेत तीस वर्षं सरासऱ्या काढल्यात, यात रॉकेट सायन्स नाही. आकडा आवडला नाही म्हणून तो खोटा ठरत नाही.

दशांश: सरासरी बरोबरच असेल हो. पण ती मेलेल्यांच्या वयाची सरासरी झाली, आयुर्मान नव्हे. कसं ते दाखवतो. आकडे मी सोयीसाठी मनाने घेतलेत, कुठल्याही गावाचे नाहीत.

एक लाख वस्तीचा एक नवा नोड, म्हणजे नवी आखलेली वसाहत, घ्या आणि तेवढ्याच वस्तीचा कोकणातला जुना पट्टा घ्या. दोन्हीकडे मृत्युदर हुबेहूब सारखे: 15 च्या आतल्या मुलांत वर्षाला हजारी 2, 15 ते 59 मध्ये हजारी 2, साठीपुढे हजारी 50. फरक एवढाच की नोडमध्ये मुलं 30 हजार, मधले 62 हजार आणि म्हातारे फक्त 8 हजार. कोकणात हेच 22, 56 आणि 22 हजार. म्हणजे नोडमध्ये मृत्यू 60, 124 आणि 400. कोकणात 44, 112 आणि 1,100. जाणाऱ्यांचं वय तिन्ही गटांत सरासरी 2, 42 आणि 78 धरा. आता तुमच्या पद्धतीने भागलं की नोडचं उत्तर येतं 62.5 आणि कोकणचं 72.1. धोका दोन्हीकडे तोच, तरी दहा वर्षांचा फरक! तो धुराचा नाही, नोडमध्ये मरायला म्हातारेच कमी आहेत त्याचा आहे.

लाइफ टेबल ही वस्तीची घडण बाजूला काढतं. ते खऱ्या लोकसंख्येवर चालतच नाही. कागदावर एक लाख बाळं जन्माला घालायची आणि त्यांना आजचे दर आयुष्यभर लावायचे. वरच्या दरांनी 15 व्या वर्षापर्यंत 97,044 पोचतात, साठीपर्यंत 88,686. मग ही सगळी मिळून किती वर्षं जगली ते मोजायचं: पहिल्या टप्प्यात 14.78 लाख, मधल्या टप्प्यात 41.79 लाख, साठीनंतर 17.74 लाख. बेरीज 74.3 लाख, भागिले एक लाख. आयुर्मान 74.3, नोडचंही आणि कोकणचंही.

खऱ्या तक्त्यात तीन डबे नसतात. पहिलं वर्ष वेगळं, मग 1 ते 4, पुढे पाच-पाच वर्षांचे गट. पहिलं वर्ष वेगळं काढतात कारण त्यातले बरेच मृत्यू पहिल्या महिन्यातच होतात. तिथे "सगळे वर्षाच्या मध्यावर गेले" असं धरलं तर गणित फसतं.

घणसोलीचे काका: मी 66 चा. देशाचं 70 म्हणजे माझी चारच वर्षं उरली का? मुलाने नुकतंच पाच वर्षांच्या एफडीत पैसे टाकलेत माझ्या नावाने.

दशांश: काका, एफडी चालू द्या. 70 हा आज जन्मलेल्या बाळाचा आकडा आहे, त्यात बालपणी गेलेलेही धरलेत. तुम्ही ती सगळी वळणं मागे टाकलीत. त्याच तक्त्यात प्रत्येक वयापुढे "अजून किती" असा रकाना असतो. भारतात साठीला तो 18 च्या आसपास आहे, तुमच्या वयाला थोडा कमी. हीसुद्धा सरासरीच, वॉरंटी नाही.

तलावपाळी: बरं, वयाची सरासरी चालत नाही हे मान्य. (नातवाने कॅल्क्युलेटर घेऊन तपासलं, बरोबर आलं.) पण मग खाडीकाठ म्हणतात तेच करा ना. मृत्यू नोंदवही पालिकेकडे आहे, वय त्यात आहे. दर काढा, तक्ता मांडा. लोक 21 दिवसांत नोंद करतातच, दाखल्याशिवाय बँकेत काही हलत नाही. अडचण कुठे आहे?

दशांश: अडचण त्याच वहीत आहे. 1969 च्या कायद्याने मृत्यू जिथे घडला तिथे नोंदवतात, माणूस राहत होता तिथे नाही.

नौपाडा_स्नेहा: हे अगदी आमच्या घरचं. आजी पन्नास वर्षं नौपाड्यात राहिली. शेवटचे अकरा दिवस मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात. दाखला मुंबईचा. बाबांना दुरुस्त्यांसाठी दोनदा दादरला गाडी बदलून जावं लागलं, तेही ठाण्यात ऑफिस घराच्या समोर असताना. म्हणजे ठाण्याच्या हिशेबात आजी अजून जिवंतच आहे!

दशांश: अगदी तसंच. लोकसंख्येत ती मोजली गेली आणि मृत्यूंत नाही. वरच्याच उदाहरणात समजा नोडच्या रहिवाशांपैकी सर्व वयांतले 15 टक्के मृत्यू मुंबईच्या वहीत गेले. दर तेवढे घसरले आणि तोच तक्ता परत मांडला तर उत्तर 74.3 चं 78.3 होतं. एकही माणूस जास्त जगला नाही, आयुर्मान चार वर्षांनी वाढलं. शीर्षकातला दुसरा आकडा तो हाच.

उलटंही होतं. ज्या शहरात मोठी रुग्णालयं आहेत तिथे बाहेरगावचे पेशंट दगावतात आणि त्या शहराचा आकडा खाली येतो. शिवाय भागायला लागणारी लोकसंख्या कुठली घ्यायची? 2011 नंतर जनगणना झाली नाही. घणसोली-ऐरोलीच्या नव्या टॉवरांत किती माणसं आलीत हा अंदाजच. तो कमी धरला की दर फुगतात आणि आयुर्मान पडतं. दोन चुका उलट दिशेच्या, कदाचित एकमेकींना खाऊन उत्तर ठीकही दिसेल. अशा ठीक दिसणाऱ्या उत्तराला मी जास्त घाबरतो. म्हणून माझं मत: छापू नये.

खाडीकाठ: मग देशाचा 70 हा आकडा तरी कुठून आला? तिथे ही भानगड नाही का? आणि मी शोधलं तर कुठे 67 आहे, कुठे 72.

दशांश: 70.0 हा नमुना नोंदणीचा, 2016 ते 20 या पाच वर्षांचा मिळून. ती नोंदणी दाखल्यांवर चालतच नाही. देशभर साडेआठ हजारांहून जास्त ठरलेले तुकडे आहेत, त्यात स्थानिक नोंदणारा वर्षभर जन्म-मृत्यू लिहितो आणि दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस स्वतंत्रपणे घरोघरी जाऊन विचारतो. दोन्ही याद्या ताडून पाहतात. शिवाय तिथे माणूस राहत होता त्या घराकडून मोजतात, गेला कुठेही असो. स्नेहाताईंची आजी अशा तुकड्यात राहत असती तर ठाण्यातच मोजली गेली असती.

67.2 हा संयुक्त राष्ट्रांचा, एकट्या 2021 चा, म्हणजे कोविडच्या दुसऱ्या लाटेच्या वर्षाचा. पाच वर्षांच्या सरासरीत तसा खड्डा बुजतो, एका वर्षात उघडा पडतो. 72 त्यांचाच, 2023 चा. शिवाय ते नमुना नोंदणीचे दर जसेच्या तसे घेत नाहीत. सुटलेले मृत्यू धरून दुरुस्ती करतात आणि नव्या आवृत्तीत मागची वर्षंही बदलतात. त्यामुळे 70 आणि 67 शेजारी ठेवून "भारत तीन वर्षं मागे गेला" म्हणणारा दोन वेगळ्या घड्याळांची वेळ जुळवतोय. आधी वर्ष बघा, मग पद्धत, मग आकडा.

आणि जिल्ह्याचं म्हणाल तर नमुना नोंदणी राज्यावर थांबते. महाराष्ट्राचं मिळतं, 2014 ते 18 साठी 72.5. ठाण्याचं वेगळं देण्याएवढे तुकडे ठाण्यात नसतात.

तलावपाळी: पण "ठाणे जिल्ह्याचं आयुर्मान" म्हणून लेखांत आकडे वाचलेत मी.

दशांश: ते बहुतेक आडमार्गाचे. जनगणनेत बायकांना विचारतात, किती मुलं झाली, त्यातली किती हयात. त्यावरून बालमृत्यू काढतात आणि मोठ्यांचे मृत्यू दुसरीकडच्या एखाद्या तयार लाइफ टेबलमधून उसने घेतात. म्हणजे साठीपुढचा मधुमेह, हृदयविकार ठाण्याचा नाहीच, तो तक्ता ज्या समाजांवरून बेतला त्यांचा. आणि जुना लेख असेल तर त्यातला जिल्हा कुठला तेही बघा. 1 ऑगस्ट 2014 आधी जव्हार-मोखाडा ठाण्यातच होते, आता पालघरात. नवी मुंबईचंही तेच: बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि खारघर रायगडमध्ये, बोलताना आपण दोन्हीला नवी मुंबईच म्हणतो.

मीनल_कोपरखैरणे: मी एका नर्सिंग होममध्ये हेच फॉर्म भरते, म्हणून दशांशशी वाद घालते. मृत्यूच्या फॉर्मला सांख्यिकीचा भाग असतो आणि त्यात मृत व्यक्ती कुठे राहत होती हा रकाना आहेच. 2023 च्या दुरुस्तीनंतर नोंदी राष्ट्रीय डेटाबेसमध्ये जातात. म्हणजे मुंबईत नोंदलेली स्नेहाची आजी राहण्याच्या पत्त्यावरून ठाण्याला परत देता येते. मग "काढता येत नाही" का म्हणायचं? पाच वर्षांचे मृत्यू एकत्र करा, रहिवासानुसार वाटा, आकडा एकटा न छापता "या दोन टोकांच्या मध्ये" असा छापा. एक लाखाच्या नोडला वर्षाला पाच-सहाशे मृत्यू, तिथे निव्वळ योगायोगाने एखादं वर्ष इकडेतिकडे होणारच, ते लिहून टाकायचं. "सगळं परिपूर्ण झालं की मोजू" म्हणाल तर कधीच मोजणार नाही.

दशांश: हा मुद्दा पटतो. रहिवासानुसार वाटलं आणि पाच वर्षं एकत्र केली तर माझा अर्धा विरोध गेला. लोकसंख्येचा उरतो. आणि तो रकाना भरतात कसा?

मीनल_कोपरखैरणे: दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. नातेवाईक रडत असतात, आम्ही आधार मागतो आणि त्यावरचा पत्ता उतरवतो. परवा एक माथाडी कामगार गेले, बावीस वर्षं कोपरखैरण्यात. आधारवर जावळी, जिल्हा सातारा. मी विचारून कोपरखैरणे लिहिलं. रात्रपाळीच्या मुलाने लिहिलं असतं का, सांगता येत नाही.

घणसोलीचे काका: माझाही आधार पाटणचाच आहे. आणि खरं सांगू का, तब्येत बिघडली की आम्ही गावालाच जातो. माझे दोन भाऊ तसेच गेले, दोघेही तुर्भ्याच्या मार्केटमधून निवृत्त. ते कुणाच्या हिशेबात धरणार?

मीनल_कोपरखैरणे: गावी कायमचे राहायला गेले असतील तर गावाच्या. उपचाराला म्हणून गेले असतील तर इथल्या.

घणसोलीचे काका: थोरला दोन महिने होता गावी. घर इथलं बंद केलं नव्हतं.

तलावपाळी: दोन महिन्यांचं काय करायचं, दशांश?

दशांश: नमुना नोंदणीवाला असता तर घरच्यांना विचारून इथला धरला असता. दाखल्यावरून काढणाऱ्याला ते कळायचा मार्गच नाही. जोवर असे किती आहेत ते माहीत नाही, तोवर मी मीनलताईंच्या दोन टोकांमधलं अंतर बरंच रुंद ठेवीन.

खाडीकाठ: ग्रुपवर एवढंच टाकलं की 62 हे आयुर्मान नाही. सेक्रेटरींनी उलट विचारलंय, "मग खरा आकडा काय?"